स्पर्शिका-पद्धतीचे वर्गीय अभिसरण : एक आढावा

समीकरणाचे मूळ अंदाजाने धरावे, त्या ठिकाणी वक्राला स्पर्शिका काढावी, ती क्ष-अक्षाला जेथे छेदील तो बिंदू नवा अंदाज मानावा आणि हाच क्रम पुढे चालू ठेवावा, ही रीत गणिताच्या विद्यार्थ्याला लवकरच परिचयाची होते. आणि तिच्याविषयी जी एक गोष्ट त्याच्या कायमची ध्यानात राहते ती अशी की, दर पावलाला बरोबर आलेल्या दशांश स्थळांची संख्या सुमारे दुप्पट होते. ही गोष्ट खरी आहे. पण मूळ साधे असले पाहिजे आणि आपण त्याच्या निकट असलो पाहिजे, अशा दोन शर्ती तिच्यात अंतर्भूत आहेत. पहिल्या शर्तीचा उलगडा एकोणिसाव्या शतकातच बहुतांशी झाला. दुसरीचा हिशेब विसाव्या शतकभर चालला, आणि तो अद्याप पुरता चुकता झालेला नाही. या दोन शर्तींच्या अनुरोधाने या विषयाची आजची स्थिती मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

वर्गमुळापुरता हा क्रम फार जुना आहे. शुल्बसूत्रांत २ च्या वर्गमुळाचे जे मूल्य दिले आहे ते एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चतुर्थांश, आणि त्यातून त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा, अशा रूपात आहे. म्हणजे ४/३, मग १७/१२, मग ५७७/४०८. आता x² − 2 या वक्रावर ४/३ पासून स्पर्शिका काढीत गेल्यास नेमके हेच अपूर्णांक याच क्रमाने हाती येतात. सूत्रकारांनी ते कोणत्या युक्तीने मिळविले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून या जुळणीवरून त्यांच्या पद्धतीचे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. परंतु त्यांतील त्रुटी क्रमाने सुमारे ०.०८, ०.००२५ आणि ०.०००००२ अशा घटत जातात, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

व्यापक समीकरणांसाठी ही रीत प्रथम न्यूटनच्या १६६९ च्या हस्तलिखितात आढळते. तेथे त्याने y³ − 2y − 5 = 0 हे घन समीकरण घेतले आहे, आणि तेव्हापासून हेच समीकरण या विषयाचा जणू सरकारी नमुना होऊन बसले आहे. न्यूटनने त्यात ना स्पर्शिका काढली, ना विकलज घेतला. y = 2 + p असे लिहून त्याने p चे नवे समीकरण मांडले, त्यातील वरचे घात सोडून p = 0.1 हे मूल्य घेतले, मग p = 0.1 + q असे लिहून पुन्हा नवे समीकरण मांडले, आणि हा क्रम आठ दशांश स्थळांच्या उत्तरापर्यंत नेला. १६९० मध्ये जोसेफ रॅफसनने दर वेळी समीकरण बदलण्याची खटपट टाळून मूळच्याच समीकरणात सुधारलेले मूल्य घालण्याची सोय केली, आणि १७४० मध्ये थॉमस सिम्पसनने तीच कृती फ्लक्शनच्या भाषेत, बहुपदीची मर्यादा ओलांडून मांडली. श्रेय वाटायचे झाल्यास आजच्या सूत्रावर सिम्पसनचा हक्क सर्वांत मोठा दिसतो; पण नावे रूढ होताना असा न्याय सहसा पाळला जात नाही.

प्रारंभिक अंदाज कोठे घ्यावा या प्रश्नाकडे १७६८ मध्ये मूरैय या फ्रेंच गणितज्ञाने वक्राची आकृती काढून लक्ष वेधले होते, पण त्याच्या ग्रंथाची दखल कोणी फारशी घेतली नाही. त्रुटी वर्गाच्या प्रमाणात घटते हे सिद्ध करण्याचे काम फूरियेने १८१८ मध्ये केले, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते सविस्तर आले. १८२९ मध्ये कोशीने अभिसरणाच्या पुरेशा अटी दिल्या. येथून पुढे ही केवळ एक उपयुक्त युक्ती न राहता सिद्धान्ताचा विषय झाली.

एक हिशेब, तपशिलासह

रीत अशी :

```
x[n+1] = x[n] - f(x[n]) / f'(x[n])
```

न्यूटनच्या समीकरणात f(x) = x³ − 2x − 5 आणि f′(x) = 3x² − 2 असून त्याचे एकमेव वास्तव मूळ २.०९४५५१४८१५... आहे. २ पासून आरंभ करू. तेथे फलाचे मूल्य −१ आणि चढ १०, म्हणून नवा अंदाज २.१. तेथे फलाचे मूल्य ०.०६१ आणि चढ ११.२३, म्हणून त्यापुढचा अंदाज २.०९४५६८१२, आणि त्यानंतरचा २.०९४५५१४८१७. त्रुटींकडे पाहिले तर त्या अनुक्रमे ०.०९४६, ०.००५४५, ०.००००१६६ आणि ०.०००००००००१५६ अशा आहेत. चौथे पाऊल टाकल्यास दशांश चिन्हानंतर एकोणीस शून्ये आल्यावरच त्रुटीचा पहिला अंक दिसेल, आणि तो पाहावयास सोळा-सतरा अंकांचे साधे संगणकीय गणित अपुरे पडेल.

दुप्पट होणाऱ्या स्थळांपेक्षा अधिक काटेकोर ताळा आहे तो प्रत्येक त्रुटीला मागील त्रुटीच्या वर्गाने भागून पाहण्याचा. भागाकार येतात ०.६०९, ०.५६१, ०.५६३. हे ०.५६३ कोठून आले, याचे उत्तर मिळाले की वर्गीय अभिसरणाचे सारे कारण हाती आले असे समजावे.

कारण

मूळ α असून आपण x या बिंदूवर उभे आहोत असे समजू. वक्र स्पर्शिकेपासून किती सुटतो हे टेलरच्या सूत्रावरून कळते, आणि α पाशी फलाचे मूल्य शून्य असल्यामुळे ते सूत्र असे होते :

```
0 = f(x) + f'(x)(α - x) + (1/2) f''(ξ)(α - x)²
```

यातील ξ हा x आणि α यांच्या दरम्यानचा कोणतातरी बिंदू आहे. दोन्ही बाजूंना f′(x) ने भागून पदे हलविली की नव्या अंदाजाची त्रुटी मिळते :

```
x_new - α = [ f''(ξ) / (2 f'(x)) ] (x - α)²
```

सिद्धता एवढीच, तिच्यात गाळलेले काही नाही. परंतु तिचा अर्थ दोन पायऱ्यांत वाचला पाहिजे. स्पर्शिका वक्राशी मूल्यात आणि चढात जुळविलेली असल्यामुळे, x पाशी स्पर्श करणारी ती रेषा α पाशी पोहोचेपर्यंत वक्रापासून जी दूर जाते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणातच दूर जाते. ही पहिली पायरी, आणि तीत मुळाच्या साधेपणाचा संबंध येत नाही. हे सुटलेपण उभ्या दिशेचे असते, आणि आपणांस हवे असते आडव्या अक्षावरचे अंतर; त्यासाठी त्याला चढाने भागावे लागते. ही दुसरी पायरी, आणि साध्या मुळाची शर्त लागू होते ती येथे : f′(α) शून्य नसेल, तर मुळाच्या शेजारी चढही शून्यापासून दूर राहतो, भागाकार आटोक्यात राहतो आणि वर्ग वर्गच उरतो. न्यूटनच्या समीकरणात f″/2f′ चे मुळापाशी मूल्य 3α/(3α² − 2), म्हणजे ०.५६३ इतके आहे. ताळ्यात तेच आले होते.

याच गोष्टीचे दुसरे स्पष्टीकरण १८७० च्या श्रोडरच्या प्रबंधापासून प्रचलित आहे. g(x) = x − f(x)/f′(x) या फलाचा α हा स्थिर बिंदू असून g′ = f f″/(f′)² असल्यामुळे साध्या मुळापाशी g′ शून्य होतो; आणि ज्या पुनरावृत्तीचा पहिला विकलज स्थिर बिंदूपाशी शून्य, तिची कोटी किमान दोन. हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे आणि अधिक वरच्या कोटीच्या रीती रचण्याचा मार्गही त्यातूनच निघतो. तरीही ज्याला कारण समजून घ्यावयाचे आहे त्याने टेलरच्या सूत्राचे बोट धरावे असे मला वाटते, कारण त्यात कोणती गोष्ट कोठे लागली हे डोळ्यांसमोर राहते. शिवाय त्यात f चा दुसरा विकलज पुरतो, उलट g च्या वाटेने कोटी दोन ठरविण्यास सामान्यतः तिसऱ्याचीही मागणी होते.

दुसऱ्या विकलजाचीही गरज पूर्णतः आहे असे नाही; f′ मध्ये पडणारा फरक अंतराच्या काही ठरावीक पटीत राहतो एवढे पुरे. मात्र तेवढेही नसेल तर मूळ साधे असूनही कोटी घसरते : x + x^(4/3) या फलाचे शून्यापाशी मूळ साधे आहे, चढ तेथे एक आहे, तरी अभिसरणाची कोटी भरते ४/३. उलटपक्षी f″(α) = 0 असल्यास लाभच होतो. π हे sin x चे साधे मूळ आहे आणि तेथे दुसरा विकलज शून्य आहे. ३ पासून एकच पाऊल टाकल्यावर ३.१४२५५ आणि दुसऱ्या पावलात नऊ स्थळे बरोबर, अशी त्रिघाती गती तेथे दिसते.

मूळ साधे नसेल तेव्हा

दुहेरी मुळापाशी पहिली पायरी तशीच राहते, पण दुसरी कोसळते. मुळाजवळ जाताना चढही त्रुटीच्याच प्रमाणात लहान होत असल्यामुळे वर्गाला त्रुटीने भागल्यासारखे होते, आणि उरते ती त्रुटीचीच एक ठरावीक पट. मूळ m वेळा पुनरावृत्त असेल तर दर पावलाला त्रुटी सुमारे 1 − 1/m पट होते. दुहेरी मुळाला निम्मी.

x³ − 3x + 2 = (x − 1)²(x + 2) हे उदाहरण घ्यावे. २ पासून निघाल्यास १ या दुहेरी मुळापासूनच्या त्रुटी १, ०.५५६, ०.२९८, ०.१५५, ०.०८०, ०.०४० अशा रेंगाळत जातात; एक दशांश स्थळ मिळविण्यास तीन-साडेतीन पावले. श्रोडरचा उपाय असा की, पुनरावृत्ती m ठाऊक असल्यास दुरुस्ती m पट घ्यावी. येथे दुप्पट घेतल्यास त्रुटी १, ०.१११, ०.००१९५, ०.००००००६३३ पर्यंत तिसऱ्याच पावलात उतरते, आणि वर्गीय गती परत येते.

पण m आधीच कोणाला ठाऊक असतो? व्यवहारात मूळही अज्ञात असते, त्यामुळे त्रुटी मोजताच येत नाही. मोजता येतात ती पावले. लागोपाठच्या तीन पावलांवरून

```
p ≈ ln|d[n+1]/d[n]| / ln|d[n]/d[n-1]|,   d[n] = x[n+1] - x[n]
```

असा कोटीचा अंदाज निघतो. न्यूटनच्या समीकरणात पहिली तीन पावले ०.१, −०.००५४३१९ आणि −०.००००१६६४, आणि त्यांवरून p = १.९९. दुहेरी मुळाच्या उदाहरणात हाच हिशेब १.०९, मग १.०७ देतो, आणि तो १ कडे सरकत राहतो; शिवाय पावलांचे गुणोत्तर निम्म्याकडे झुकलेले दिसले की पुनरावृत्ती दोन असल्याचा तो सबळ पुरावा होय. या कसोटीला एक हद्द आहे. पावले गणकयंत्राच्या अचूकतेइतकी लहान झाली की आकड्यांत केवळ पूर्णांकनाची धूळ उरते, आणि तेथून काढलेला p कोणताही येऊ शकतो. दुहेरी मुळापाशी ही हद्द लवकर लागते : फलाच्या मूल्यातील सोळाव्या स्थळाची चूक मुळात आठव्या स्थळाची चूक होऊन उतरते, आणि श्रोडरच्या दुरुस्तीनेही ती भरून निघत नाही.

'निकट' किती : तीन भूमिका

येथपर्यंत मतभेदाला फारशी जागा नाही. वर्गीय अभिसरण सुरू कोठून होते याविषयी मात्र तीन निरनिराळ्या भूमिका आढळतात, आणि त्यांतील भेद सत्यासत्याचा नसून आपणांस आधी काय ठाऊक आहे असे मानावयाचे याचा आहे.

पहिली भूमिका पाठ्यपुस्तकांची. मूळ साधे असल्यास त्याभोवती असा काही अंतराल असतो की, त्यातून निघालेला क्रम मुळाकडेच जातो आणि त्रुटीच्या वर्गाशी गुणोत्तर |f″/2f′| या सीमेकडे जाते. विधान निर्दोष आहे, परंतु त्यातील अंतराल α वर अवलंबून असतो, आणि α तर आपण शोधीत आहोत. फूरियेची जुनी अट या बाबतीत अधिक व्यवहारी होती : ज्या अंतरालात f′ आणि f″ यांची चिन्हे बदलत नाहीत आणि ज्याच्या दोन टोकांशी फलाची चिन्हे भिन्न आहेत, त्यात f आणि f″ यांचे चिन्ह एक असलेल्या टोकापासून निघावे म्हणजे क्रम मुळाला ओलांडून कधीच जात नाही.

दुसरी भूमिका कांतोरोविचची. १९४८ मध्ये त्याने मुळाचे अस्तित्वही गृहीत न धरता केवळ आरंभबिंदूच्या माहितीवरून निर्णय देणारे प्रमेय दिले, आणि तेही एका समीकरणापुरते नव्हे, तर अनंतमितीय अवकाशांतील समीकरणांसाठी. आरंभबिंदूपाशी 1/|f′| ची मर्यादा β, पहिले पाऊल η आणि सभोवार |f″| ची मर्यादा K असेल तर h = βηK हा गुणाकार अर्ध्याच्या आत राहिल्यास मूळ असते आणि क्रम त्याकडे जातो. न्यूटनच्या समीकरणात २ पाशी β = 0.1, η = 0.1, आणि १.८ ते २.२ या पट्ट्यात K = 13.2, म्हणून h = 0.132, मूळ २ पासून ०.१०८ च्या आत आहे अशी हमी मिळते, आणि प्रत्यक्ष अंतर ०.०९४६ आहे. h बरोबर अर्धा असेल तर अभिसरणाची हमी टिकते, परंतु वर्गीय गतीची टिकत नाही, हे बारकाव्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. या भूमिकेवरील आक्षेप असा की K साठी एका संपूर्ण प्रदेशाची माहिती लागते, आणि ती मिळविणे पुष्कळदा मूळ शोधण्याइतकेच कष्टाचे असते.

या आक्षेपाला उत्तर म्हणून १९८६ मध्ये स्टीफन स्मेलने तिसरी भूमिका पुढे आणली. फल विश्लेषी असेल तर त्याचे सर्व विकलज एकाच बिंदूपाशी पाहून निर्णय देता येतो : पहिले पाऊल आणि वरच्या विकलजांपासून काढलेली γ ही संख्या यांचा गुणाकार सुमारे ०.१५७७ च्या आत असला की त्या बिंदूपासून वर्गीय घट पहिल्या पावलापासूनच सुरू होते. आपल्या समीकरणात २ पाशी γ = 0.6 आणि पाऊल ०.१, म्हणजे गुणाकार ०.०६, हिशेब पाठकोऱ्या कागदावर मावतो. किंमत मोजावी लागते ती विश्लेषीपणाची, आणि ही कसोटी पुरेशी असली तरी आवश्यक नाही. ती नापास करील असे कितीतरी बिंदू प्रत्यक्षात उत्तम चालतात. माझ्या मते बहुपदींसाठी स्मेलची आणि विकलक समीकरणांसारख्या मोठ्या प्रश्नांसाठी कांतोरोविचची कसोटी सोयीची. पहिलीचे स्थान समजूत पक्की करण्यापुरते.

कोटी आणि खर्च

कोटी दोन म्हणजे रीत सर्वांत जलद, असे मात्र ठरत नाही. न्यूटनच्या रीतीत दर पावलाला फल आणि विकलज असे दोन हिशेब करावे लागतात. स्पर्शिकेऐवजी मागील दोन बिंदूंतून जाणारी छेदिका घेतल्यास कोटी १.६१८ वर येते, पण हिशेब एकच पुरतो. दोन हिशेबांच्या खर्चात छेदिका दोन पावले टाकते आणि तिची कोटी होते २.६१८. विकलजाचा खर्च फलाच्या खर्चाच्या सुमारे ०.४४ पटीहून अधिक असेल तर छेदिकेचे पारडे जड, असा निर्णय त्यातून निघतो. अनेक चलांच्या समीकरणसंचात ही तुलना अशी सरळ राहत नाही, आणि तेथे स्पर्शिकेचे महत्त्व टिकून आहे. मागील बिंदूंची स्मृती न ठेवणाऱ्या रीतींविषयी कुंग आणि ट्राउब यांनी १९७४ मध्ये अटकळ मांडली की, दर पावलाला n हिशेब केल्यास कोटी 2^(n−1) च्या वर जाऊ शकत नाही. तिची सर्वसाधारण सिद्धता अद्याप झालेली नाही.

जे सुटलेले नाही

वर्गीय प्रदेशात शिरेपर्यंतचा प्रवास हा या विषयाचा खरोखरच अवघड भाग आहे. त्याच घन समीकरणात १००० पासून निघाल्यास दर पावलाला अंदाज सुमारे दोन तृतीयांश होत राहतो, म्हणजे सुमारे पंधरा पावले साध्या गुणोत्तराच्या चालीने जातात, आणि मगच दुप्पट स्थळांची घाई सुरू होते. ० पासून निघाल्यास अंदाज −२.५, −१.५६७, −०.५०३, −३.८२ असे भटकत राहतात, कारण मधल्या दोन वळणांपाशी चढ शून्य असून त्यांच्या शेजारी पडलेली स्पर्शिका दूर फेकून देते. x³ − 2x + 2 मध्ये तर ० पासून १ आणि १ पासून पुन्हा ०, असा फेरा कायमचा चालतो. आणि ० च्या निकटचे बिंदूही याच फेऱ्यात ओढले जातात, म्हणजे असे आरंभबिंदू विरळ अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत.

संमिश्र संख्यांच्या प्रतलात कोणता बिंदू कोणत्या मुळाकडे जातो हा प्रश्न केलीने १८७९ मध्ये उपस्थित केला; वर्गसमीकरणापुरता त्याने तो सोडविला, आणि घन समीकरणापाशी तो थांबला. १९८७ मध्ये मॅकमुलनने दाखविले की चार किंवा अधिक घातांच्या बहुपदींसाठी, जवळजवळ प्रत्येक आरंभबिंदूपासून यशस्वी होईल अशी शुद्ध पुनरावृत्तीची परिमेय रीत असूच शकत नाही. दोष न्यूटनच्या रीतीचा एकटीचा नव्हे. २००१ मध्ये हबर्ड, श्लायशर आणि सदरलंड यांनी दुसऱ्या बाजूने वाट काढली : मुळे एकक वर्तुळात असलेल्या d घाताच्या कोणत्याही बहुपदीसाठी आधीच निश्चित करता येणारा, सुमारे 1.11 d (ln d)² बिंदूंचा एक संच असा आहे की, त्यातून प्रत्येक मुळाकडे जाणारा एकतरी बिंदू हमखास सापडतो. मात्र त्या बिंदूपासून वर्गीय प्रदेशाच्या वेशीपर्यंत किती पावले लागतील याविषयी सिद्ध झालेल्या मर्यादा आणि प्रत्यक्ष गणनेत दिसणारी पावले यांत अजून मोठी तफावत आहे, आणि सध्याचे बरेचसे संशोधन ती तफावत कमी करण्यातच गुंतलेले आहे.